कथा: सहावी ओळ (वर्डल खेळणाऱ्यांनी जरूर वाचा, डाव खरा वाटतो का सांगा)

मलप्रभाकाठ

कथा छोटी आहे. सर काल्पनिक आहेत, पण असे सर आमच्या बेळगाव-खानापूर भागात घरटी एक सापडतील. डाव मात्र मी पाटीवर मांडून, प्रत्येक ओळीचे रंग तपासून लिहिलाय. तरी कुठे चूक दिसली तर सांगा.

---

सर शहापुरात राहायचे. खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, त्यालाही बरीच वर्षं झाली. सकाळी साडेपाचला उठायचं, अंगणात दोन फेऱ्या, मग चहा, आणि चहासोबत वर्डल. पेपर नंतर.

खेळ त्यांना जुन्या विद्यार्थ्यांनी लावला होता. 'एसएसएलसी 94 बॅच' या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी पुण्यातून, कुणी मडगावातून, कुणी मस्कतहून रोज सकाळी आपापले रंगीत चौकोन टाकायचे. सरांचे चौकोन सात वाजता यायचे आणि ते आल्याशिवाय दिवस सुरू झाला असं कुणाला वाटत नसे. सरांची साखळी चारशेच्या पुढे गेली होती. ग्रुपवर ती कुणी मोजत नव्हतं असं नाही. सर स्वतः आकडा कधी काढत नसत.

त्यांचा पहिला शब्द ठरलेला होता: TEACH. दुसरा नियमही ठरलेला: हार्ड मोड सुरू. जे अक्षर सापडलं ते पुढच्या ओळीत आलंच पाहिजे. "सापडलेलं टाकून देऊन नवीन शोधायचं, असं वर्गात चालत नव्हतं, इथं का चालवू?" असं ते म्हणत.

त्या दिवशी बाहेर पावसाची झड लागली होती. TEACH टाकला. T पिवळा, E राखाडी, A पिवळा, C हिरवा, H हिरवा. सरांनी चष्मा पुसला. पहिल्याच ओळीत चार अक्षरं! पिवळ्या दोघांना जागा द्यायची म्हटलं तर एकच सोय दिसत होती: ATCH, आणि पुढे एक घर रिकामं.

पेपराच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलीने लिहून काढलं. खालच्या कळफलकावर रंग न चढलेली अक्षरं एकेक बघत गेले. B बसतं. L बसतं. M, P, W. पाच शब्द झाले आणि ओळीही पाच उरल्या होत्या. सरांना हायसं वाटलं. आज वेळ लागेल, पण तुटत नाही.

MATCH. पहिला चौकोन राखाडी, बाकी चार हिरवे. WATCH. तसंच. PATCH. तसंच.

नात शाळेची वेणी घालून घ्यायला आली होती. तिने खांद्यावरून बघितलं. "आज्जा, ते हार्ड मोड बंद करा की. मग कुठला पण शब्द टाकता येतोय. तीन-चार अक्षरं एकदम बघून होतील."

"मध्येच नियम बदलायचा?"

"बदलू देतंय ते."

"देतंय म्हणून करायचं होय?" सर म्हणाले, पण रागाने नाही. "राहिलेत दोनच शब्द, आणि ओळीही दोन आहेत. बस इथं, बघ."

LATCH. राखाडी, आणि चार हिरवे.

उरला एकच. सर हसले. ग्रुपच्या नावातच होता. सहाव्या ओळीत त्यांनी B-A-T-C-H सावकाश टाइप केलं. सहाव्या ओळीत जिंकलं की वर Phew असं येतं, ते नातीला आवडायचं, म्हणून फोन तिच्याकडे थोडा वळवून त्यांनी एंटर दाबलं.

चौकोन एकेक करून उलटतात. पहिला उलटला तो राखाडी. पुढचे चार हिरवे होत गेले, ते कुणी बघितलेच नाहीत.

वर काळ्या पट्टीत उत्तर आलं: HATCH.

सरांनी आधी कळफलकाकडे बघितलं. H हिरवं होतं. पहिल्या ओळीपासून हिरवंच होतं. रंग न चढलेली अक्षरं शोधताना त्यांची नजर त्याच्यावरून पाच वेळा गेली होती. "एच," ते म्हणाले. "ते झालेलं आहे असं धरलं मी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सी पण."

नात म्हणाली, "ग्रुपवर आज टाकू नका. कुणाला कळणार नाही."

सरांनी शेअर दाबलं. सात वाजायला दोन मिनिटं होती.

Wordle X/6*
🟨⬜🟨🟩🟩
⬜🟩🟩🟩🟩
⬜🟩🟩🟩🟩
⬜🟩🟩🟩🟩
⬜🟩🟩🟩🟩
⬜🟩🟩🟩🟩

मस्कतवाल्याचा फोन लगेच आला. तो काही बोलायच्या आत सर म्हणाले, "तू अजून खेळला नसशील तर आधी खेळ. मग बोलू." आणि नातीची वेणी घालायला घेतली.

---

टिळकवाडीची ताई

चौकोन उलटतात ती ओळ वाचताना पोटात गोळा आला. पहिलाच चौकोन राखाडी झाला की पुढचे चार उलटेपर्यंत जो वेळ जातो, तो रोज खेळणाऱ्यालाच माहीत.

सर नातीचं ऐकत नाहीत ते मला पटलं. माझे वडीलही शिक्षक होते, वडगावात. पत्त्याच्या डावातसुद्धा पान खाली पडलं की पडलं, परत उचलू द्यायचे नाहीत.

निपाणीकर

कथा चांगली, पण सरांचा खेळ कच्चा वाटला. हार्ड मोडमध्ये फक्त हिरवं अक्षर जागेवर ठेवावं लागतं. पिवळं कुठेही टाकता येतं. म्हणजे T आणि A इकडेतिकडे हलवून त्याच ओळीत दोन-तीन नवीन अक्षरं बघता आली असती. चारशे दिवस खेळलेल्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे.

गणितवाला

निपाणीकर, पिवळ्याचा नियम बरोबर सांगितलात. पिवळं अक्षर पुढच्या शब्दात कुठेतरी आलं की भागतं. पण इथे हिशोब करून बघा. C चौथ्या घरात बांधला, H पाचव्या घरात बांधला, T आणि A कुठेतरी यायलाच हवेत. पाच घरांतली चार गेली. कसंही हलवलं तरी नव्या अक्षराला एकच घर उरतं. दोन-तीन अक्षरं बघायची तर घरं आणायची कुठून? म्हणून दर ओळीला एकच अक्षर तपासलं जाणार, सर असोत की आणखी कुणी.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लेखकासाठी. तुमची कथा असं सुचवते की सर H विसरले म्हणून हरले. ते अर्धंच खरं आहे. TEACH नंतर असे शब्द सात उरतात: BATCH, CATCH, HATCH, LATCH, MATCH, PATCH, WATCH. सातही शब्दांना TEACH चे रंग अगदी सारखेच येतात, त्यामुळे पहिल्या ओळीवरून त्यांच्यात काही फरक करता येत नाही. हार्ड मोडमध्ये उरलेल्या पाच ओळींत यातले पाचच टाकता येणार. सरांना सातही शब्द तोंडपाठ असते तरी दोन शिल्लक राहिलेच असते, आणि सहाव्या ओळीवर तिघांतला एक उचलावा लागला असता. माझ्या मते साखळी पहिल्याच ओळीत संकटात आली होती. चार अक्षरं एकदम सापडली म्हणून सरांना आनंद झाला, पण हार्ड मोडमध्ये अशी सापडलेली चार अक्षरं हात बांधून टाकतात.

मलप्रभाकाठ

गणितवाला, हे वाचून मी पुन्हा पाटी घेऊन बसलो. बरोबर आहे. सरांना 'आज तुटत नाही' असं वाटतं ते पाचच शब्द दिसल्यामुळे. सात दिसले असते तर दुसऱ्याच ओळीला त्यांना धोका कळला असता. मला तीच जागा महत्त्वाची वाटते: माणूस हरण्याच्या वाटेवर आहे आणि त्याच्याकडे अगदी नीट जुळणारा हिशोब आहे.

पण एक विचारतो. नातीचं ऐकलं असतं तर सर वाचले असते का?

गणितवाला

तिने कधी सांगितलं त्यावर आहे.

समजा TEACH नंतर लगेच हार्ड मोड बंद केला. मग दुसऱ्या ओळीत CLAMP टाकायचा. हे उत्तर नाही हे आपल्याला माहीत असतं, पण त्यात L, M, P एकदम तपासून होतात. आणि C पहिल्या घरात आहे, त्यामुळे तो हिरवा झाला तर CATCH, नुसता पिवळा राहिला तर CATCH नाही. एका ओळीत चार शब्दांचा निकाल लागतो. काहीच लागलं नाही तर BATCH, HATCH, WATCH उरतात. तीन शब्द आणि ओळी चार. हरायला जागाच नाही.

पण कथेत नात बोलते तेव्हा MATCH, WATCH, PATCH जाऊन पाचवी आणि सहावी अशा दोनच ओळी उरल्यात. खरे उरलेले शब्द चार: BATCH, CATCH, HATCH, LATCH. पाचव्या ओळीत B, L यांचा निकाल लावणारा आणि C ने सुरू होणारा शब्द हवा. CABLE चालतो. C हिरवा झाला तर CATCH, B पिवळा झाला तर BATCH, L पिवळा झाला तर LATCH, आणि यातलं काहीच नाही झालं तर HATCH. सहावी ओळ पक्की. म्हणजे पोरीने सांगितलं तेव्हाही सर पूर्ण वाचू शकत होते.

टिळकवाडीची ताई

अरे देवा. म्हणजे 'बस इथं, बघ' म्हणतात तेव्हाही वेळ गेलेली नव्हती.

खानापुरी माणूस

माझीपण अशीच साखळी तुटली. नवीन फोन घेतला, जुना पोराला दिला, आणि नवीन फोनवर खेळ उघडला तर सगळं शून्य. परत कशी मिळवायची कुणाला माहीत असलं तर सांगा. सरांनी फोन बदललेला का?

टिळकवाडीची ताई

दादा, सर डाव हरलेत, फोन नाही बदलला. तुमचं वेगळं आहे. खातं न उघडता खेळत असाल तर आकडे त्या फोनच्या ब्राउझरमध्येच राहतात, नवीन फोनला ते माहीत नसतं. जुना फोन पोराने पुसला नसेल तर आधी त्यावरच खातं उघडा, मग नवीन फोनवर त्याच खात्याने आत जा. पुसला असेल तर अवघड आहे.

खानापुरी माणूस

पुसला की ओ. त्यात गेमा भरल्यात त्यानं.

शब्दवेडी

मी रोज खेळते, हार्ड मोडमध्येच. तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

H चा कळफलक ही या कथेतली सगळ्यात खरी जागा आहे. रंग चढलेली कळ म्हणजे 'काम झालेली कळ' असं डोळ्यांना वाटायला लागतं. हिरवा H एवढंच सांगतो की पाचव्या घरात H आहे. पहिल्या घरात अजून एक आहे की नाही याबद्दल तो काहीच बोलत नाही. 2022 च्या सप्टेंबरमध्ये PARER आला होता तेव्हा कितीतरी जणांच्या साखळ्या तुटल्या, त्यातही हेच होतं: दुसरा R कुणी धरतच नव्हतं, आणि त्यात त्या साच्याचे शब्द ढीगभर. म्हणून मी अशा वेळी कळफलकाकडे बघतच नाही. कागदावर A पासून Z पर्यंत लिहायचं आणि प्रत्येक अक्षर, हिरवं असो की पिवळं, रिकाम्या घरात ठेवून मोठ्याने वाचायचं.

दुसरं, WATCH मला थोडा खटकला. तो 2022 च्या मार्चमध्ये उत्तर होऊन गेलाय. जुनं उत्तर सहसा लवकर परत येत नाही, म्हणून आम्ही असे शब्द मागे ठेवतो. तिसऱ्याच ओळीत तो टाकणारा माणूस जुनी उत्तरं लक्षात ठेवत नसावा. सर तसेच असतील तर ठीक.

तिसरं गणितवाल्यांना. TEACH ला दोष देताय, पण हार्ड मोडमध्ये कुठल्याही शब्दाने सुरुवात करा, कधीतरी IGHT नाहीतर OUND चा सापळा येतोच. चारशे दिवस तो चुकवला यात सरांचं कौशल्य आहे.

गणितवाला

कौशल्य आहे, नाही कुठे म्हणतोय? सापळा येणारच हेही मान्य. पण शब्द हळूहळू उलगडला तर माणूस मधल्या ओळींत वेगवेगळी व्यंजनं आधी तपासून घेऊ शकतो, आणि साचा बांधला जाईपर्यंत दोन-तीन शब्द आपोआप गळालेले असतात. TEACH ने साचा पहिल्याच ओळीत बांधला आणि बदल्यात एकच अक्षर बाद केलं, E. ते तसंही या सातांत कुठे नव्हतं. माझं म्हणणं एवढंच.

मलप्रभाकाठ

शब्दवेडी, सर जुनी उत्तरं लक्षात ठेवत नाहीत. रोजचा शब्द रोज नवीन म्हणून घ्यायचा, असा माणूस आहे तो. एवढं एक वाक्य कथेत घालतो, म्हणजे WATCH खटकणार नाही.

निपाणीकर

गणितवाल्यांचं घरांचं पटलं. एकच घर उरतं, खरं आहे.

पण बॅचचं मला जुळवून आणल्यासारखं वाटलं. ग्रुपचं नाव बॅच, शेवटचा शब्द BATCH. लेखकाने आधी ठरवून ठेवलंय असं दिसतंय.

मलप्रभाकाठ

ठरवून ठेवलंय, आणि मला ते राहू द्यायचंय. आमच्याकडे कुठलाही जुना विद्यार्थी सरांना भेटला की पहिलं वाक्य 'सर, मी अमुक सालच्या बॅचचा' असंच असतं. BATCH हा शब्द सर शेवटपर्यंत का राखून ठेवतात, याचं मला दुसरं कारण लागत नाही. MATCH, WATCH सगळीकडचे शब्द आहेत. हा त्यांना घरचा वाटतो, आणि घरचं माणूस शेवटी वाढून घेतं.

टिळकवाडीची ताई

बॅच राहू दे. माझा प्रश्न नातीचा आहे. तिला आज्जापेक्षा खेळ जास्त कळतो आणि सर ऐकत नाहीत. तुम्ही ते सरांचा मोठेपणा म्हणून लिहिलंय, पण CABLE वाचल्यापासून मला ते तसं वाटत नाहीये. पोरगी बरोबर होती. सरांनी तिला एका वाक्यात गप्प केलं.

शब्दवेडी

मला नाही पटत. माझ्या फोनवर डावाच्या मध्ये हार्ड मोड बंद करता येतो, सुरू मात्र करता येत नाही, तो डावाच्या आधीच करावा लागतो. म्हणजे पळवाट आहे हे खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. तरीही जो ती घेत नाही त्याची साखळी वेगळी आणि घेणाऱ्याची वेगळी. शेअर करताना आकड्याच्या पुढे ती चांदणी येते ना, सरांनी ती चारशे दिवस लावली. एका दिवसासाठी काढली असती तर मागच्या सगळ्या दिवसांची चांदणी त्यांना स्वतःला खोटी वाटली असती.

टिळकवाडीची ताई

तुमचं खेळापुरतं बरोबर आहे. मी माणसाबद्दल बोलतेय. नियम पाळायचाच होता तर पाळा, पण 'बंद केलं तर कुठला शब्द टाकशील?' एवढं तरी विचारायचं. शिक्षक होते ना. तिने CABLE नसता सांगितला कदाचित, पण 'C राहिलाय की' एवढं तिला नक्की दिसलं असतं.

मलप्रभाकाठ

ताई, हे मला सुचलं नव्हतं. सरांनी तिला विचारलं असतं तर CATCH, HATCH त्याच वेळी उघडे पडले असते, आणि तरीही हार्ड मोड न मोडता त्यांना चारांतले दोनच टाकता आले असते. म्हणजे हरायचे ते कदाचित तरीही हरले असते, पण डोळे उघडे ठेवून. ती कथा जास्त बरी होईल का, मला ठरवता येत नाहीये. सरांचा तो निश्चिंतपणा गेला तर फोन नातीकडे वळवण्याची जागा जाते, आणि ती मला सोडवत नाही.

गणितवाला

ती जागा सोडू नका.

टिळकवाडीची ताई

बरं, एक करून बघितलं. आत्ता घरात सासूबाईंना आणि यजमानांना विचारलं: पुढे एक घर रिकामं, मग ATCH, किती शब्द होतात? दोघांनी मिळून CATCH, MATCH, WATCH, PATCH लगेच सांगितले. BATCH थोड्या वेळाने आला. LATCH यजमानांना दरवाजाकडे बघून सुचला. HATCH कुणालाच नाही.

शब्दवेडी

CATCH पहिल्यांदाच आला? सरांना तर तो दिसलाच नाही. समोर रंगवलेला कळफलक होता का त्यांच्या?

टिळकवाडीची ताई

नाही, नुसतं तोंडी विचारलं.

शब्दवेडी

मग कळफलक दाखवून विचारायला हवं. C आणि H हिरवे, T आणि A पिवळे केलेला. माझा अंदाज आहे की तेव्हा CATCH पण जाईल.

टिळकवाडीची ताई

या दोघांना आता माहीत झालंय, त्यांचा उपयोग नाही. रविवारी भाऊ येतोय अनगोळहून. कागदावर कळफलक रंगवून त्याच्यापुढे ठेवते आणि काय म्हणतो ते इथे लिहिते.